सरेंडर डीड: भाडेपट्टा संपतो, पण हिशेब कधी मिटतो?

मुदतीआधी आपसात ठरवून भाडेपट्टा संपवला, किल्ल्या दिल्या, डिपॉझिट हातात पडलं, की सगळं मिटलं असं बहुतेकांना वाटतं. भाडेपट्टा संपतो हे खरं आहे. पण त्या दिवसापर्यंत एकमेकांकडून जे येणं-देणं तयार झालेलं असतं ते त्याच्याबरोबर आपोआप संपत नाही. थकलेलं भाडं थकलेलंच राहतं, मोडलेल्या फरशीची भरपाई मागण्याचा मालकाचा हक्क राहतो आणि डिपॉझिटमधून जादा कापलेले पैसे परत मागण्याचा भाडेकरूचा हक्कही राहतो. थकीत भाड्यासाठी दावा लावायला मुदतीच्या कायद्यात तीन वर्षं दिली आहेत. म्हणजे जागा सोडून दोन वर्षं झाल्यावरही वकिलाची नोटीस येऊ शकते.

म्हणून सरेंडर डीडला, म्हणजे आपसात ठरवून भाडेपट्टा मुदतीआधी संपवण्याच्या दस्ताला, दोन कामं करायची असतात आणि ती एकमेकांपासून वेगळी आहेत. एक, भाडेपट्टा आजपासून संपवणं. दोन, आजपर्यंतचे दावे सोडून देणं. बाजारात मिळणाऱ्या तयार नमुन्यांत पहिलं काम व्यवस्थित केलेलं असतं. दुसऱ्यासाठी शेवटी एखादं वाक्य असतं: ‘उभयतांत कोणतेही देणे-घेणे राहिलेले नाही.’ भांडण झालं की या एका वाक्यावर सगळा भार पडतो आणि ते बहुतेक वेळा पुरत नाही.

आधी कायद्याची जागा पाहू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १११ मध्ये भाडेपट्टा कोणकोणत्या कारणांनी संपतो ते दिलं आहे. त्यातलं एक म्हणजे भाडेकरूने दोघांच्या संमतीने आपला हक्क मालकाला परत देणं. कायदा वागणुकीतून झालेलं सरेंडरही मानतो. उदाहरणार्थ, चालू मुदतीतच त्याच जागेचा नवा भाडेपट्टा केला की जुना संपला असं धरलं जातं. मात्र संमती दोन्ही बाजूंची हवी. भाडेकरूने किल्ल्या कुरियरने पाठवल्या आणि मालकाने त्या स्वीकारल्या नाहीत, तर ते सरेंडर नव्हे. उलट मालकाने ‘जरा बघून घेतो’ म्हणत किल्ल्या ठेवून घेतल्या, तर त्याने ताबा स्वीकारला की नाही यावरच पुढे साक्षीपुरावे चालतात.

इथे एक फरक सांगून पुढे जातो. ठाण्यात-नवी मुंबईत घरांसाठी सर्रास होतो तो अकरा महिन्यांचा करार म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. तो भाडेपट्टा नाही. लायसन्स रद्द होतं, सरेंडर होत नाही, आणि त्याचा कागद साधा असतो. तसंच वाशी-नेरूळकडच्या बऱ्याच इमारती सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवर उभ्या आहेत आणि महापे-रबाळेतले प्लॉट एमआयडीसीच्या ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहेत. ते भाडेपट्टे त्या संस्थांच्या नियमांनी चालतात. मी बोलतो आहे ते दोन खासगी पक्षांमधल्या, काही वर्षांच्या, नोंदवलेल्या भाडेपट्ट्याबद्दल.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नौपाड्यात पहिल्या मजल्यावर एक मोठी जागा आहे. मालकीणबाईंनी ती दोन भागीदारांच्या कोचिंग क्लासला नऊ वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने दिली. भाडं महिना ६०,००० रुपये, डिपॉझिट सहा महिन्यांचं, म्हणजे ३,६०,०००. सहा वर्षं झाली. क्लासची मुलं ऑनलाइनकडे वळली आणि भागीदारांना ३१ जुलैला जागा सोडायची आहे. मालकीणबाईंनाही हरकत नाही, कारण खालच्या दुकानदाराला वरची जागा हवी आहे. करारात तीन महिन्यांच्या नोटिशीची अट होती, भागीदारांनी जेमतेम पंधरा दिवस आधी सांगितलं. जून-जुलैचं भाडं थकलं आहे. वर्गखोल्यांची पार्टिशन काढताना फरशी फुटली आहे. आणि क्लासने जिन्याजवळचा कोपरा एका झेरॉक्सवाल्याला पोटभाड्याने दिला होता.

बैठकीत ठरलं ते असं. दोन महिन्यांचं भाडं १,२०,०००. फरशीचे मालकीणबाईंनी ४५,००० मागितले होते, तोडगा २५,००० वर. महावितरणच्या मीटरचं ३१ जुलैचं रीडिंग घेऊन बिल काढलं, ते ६,४००. एकूण १,५१,४००. डिपॉझिटमधून ते वजा केल्यावर भागीदारांना परत मिळायचे २,०८,६००. नोटिशीच्या तीन महिन्यांच्या भाड्यापोटी मालकीणबाईंना १,८०,००० मागता आले असते. ते त्यांनी सोडले. (जीएसटी मी इथे बाजूला ठेवला आहे, नाहीतर आकडे वाचायचा कंटाळा येईल.)

हा हिशेब दस्तात कसा उतरतो त्यावर सगळं अवलंबून असतं. पुष्कळदा नुसतं लिहितात: ‘डिपॉझिट समायोजित करून उर्वरित रक्कम अदा केली.’ यात कोणती रक्कम कशापोटी कापली ते कळत नाही. उद्या मालकीणबाई म्हणतील की कापलेले पैसे फरशीचे होते, जुलैचं भाडं अजून बाकी आहे. किंवा भागीदार म्हणतील की फरशीचे पैसे आम्ही कबूलच केले नव्हते. त्यामुळे प्रत्येक रकमेसाठी एक ओळ लिहावी, बेरीज लिहावी आणि परत द्यायची रक्कम आकड्यात व अक्षरात लिहावी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सोडून दिलेल्या रकमेचं नाव घेणं. त्या १,८०,००० रुपयांचा दस्तात उल्लेखच नसेल, तर ते सोडले की मागायचे राहून गेले हे कसं ठरवायचं? भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ६३ इथे कामाला येतं. ज्याला येणं आहे तो ते पूर्ण किंवा अंशतः सोडू शकतो, आणि त्यासाठी वेगळा मोबदला लागत नाही. याच कलमाखाली कायद्यानेच उदाहरण दिलं आहे: ५,००० रुपये देणं असलेल्याकडून २,००० पूर्ण फेड म्हणून स्वीकारले, तर सगळं कर्ज फिटलं. पण ते ‘पूर्ण फेड म्हणून’ स्वीकारले हे दिसायला हवं. म्हणून असं लिहावं:

‘भाडेपट्ट्यातील नोटिशीच्या अटीनुसार तीन महिन्यांच्या भाड्यापोटी देय होऊ शकणारी रु. १,८०,००० ही रक्कम मालक याद्वारे कायमची सोडून देत आहेत. तिच्याबाबत मालकांना भाडेकरूंकडून कोणतीही मागणी राहिलेली नाही.’

आता भाडेपट्टा संपवणारं कलम. यात क्रियापदाचा काळ नीट पाहावा. ‘भाडेकरू ३१ जुलै रोजी आपला हक्क सोडून देतील’ असं लिहिलं तर ते सरेंडर नव्हे, सरेंडरचं वचन झालं. वचन मोडलं तर पुन्हा दावा लावण्यावाचून इलाज नाही. दस्तावर सही ताबा देण्याच्या दिवशीच करावी आणि वाक्य वर्तमानकाळात असावं: ‘भाडेकरू भाडेपट्ट्याच्या उर्वरित मुदतीतील आपला संपूर्ण हक्क व हितसंबंध याद्वारे मालकांना परत देत आहेत आणि मालक तो स्वीकारत आहेत.’ ‘स्वीकारत आहेत’ हे दोन शब्द गाळले जातात. गाळू नयेत. संमती तिथेच दिसते. भाडेपट्ट्याचा दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख, दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव आणि जागेचं वर्णन मूळ दस्तात आहे तसंच उतरवावं. क्षेत्रफळात एखादा आकडा चुकला तरी कोणती जागा सोडली यावर वाद घालायला जागा मिळते.

सह्या कोणाच्या? भाडेपट्टा दोघा भागीदारांच्या नावे असेल तर दोघांच्याही. एका भागीदाराने ‘आमच्या वतीने’ म्हणून केलेली सही दुसऱ्याचा हक्क संपवायला पुरेलच असं नाही. मालकीणबाईंचे दीर सहमालक असतील तर त्यांचीही सही लागते. कोणी परगावी किंवा परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र हवं, आणि त्यात भाडेपट्टा सरेंडर करण्याचा व दावे सोडण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. भाडेवसुलीसाठी केलेलं कुलमुखत्यारपत्र इथे चालत नाही.

मग येतं दावे सोडण्याचं कलम, दस्ताचं दुसरं काम. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ते एकतर्फी असतं. मालकाच्या वकिलाने मसुदा केला की ‘भाडेकरूंचा मालकांविरुद्ध कोणताही दावा नाही’ असं येतं आणि उलट बाजूबद्दल अवाक्षर नसतं. भाडेकरूला वाटतं आपण ‘नो ड्यूज’वर सही केली, म्हणजे आपणच सुटलो. प्रत्यक्षात त्याने फक्त समोरच्याला सोडलेलं असतं. कलम दोन्ही बाजूंनी, दोन वेगळ्या वाक्यांत हवं.

दुसरी गोष्ट त्याच्या व्याप्तीची. ‘भाडेपट्ट्याखालील सर्व दावे’ म्हटलं की भाडं, डिपॉझिट, नोटीस हे त्यात येतं. पण मालकीणबाईंच्या लॉफ्टवर ठेवलेलं सामान क्लासच्या मुलांनी तोडलं असेल, तर तो दावा भाडेपट्ट्याच्या कोणत्या कलमाखाली बसतो? म्हणून शब्द रुंद हवेत: ‘भाडेपट्ट्याखाली, भाडेपट्ट्यासंबंधाने किंवा सदर जागेच्या ताब्या-वापरातून आजतागायत उद्भवलेले, ज्ञात अथवा अज्ञात, सर्व दावे, थकबाकी, नुकसानभरपाई, व्याज व खर्च.’ ‘अज्ञात’ हा शब्द घालायला मालक कचरतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पार्टिशनच्या मागे ओल आहे का ते त्यांना आज दिसत नाही. माझ्या मते त्यावर उपाय शब्द गाळण्याचा नाही, सहीआधी प्लंबर आणि वायरमनला घेऊन जागा नीट बघण्याचा आहे. शब्द गाळला तर दावे सोडण्याला फारसा अर्थच राहत नाही.

तिसरी गोष्ट ही सूट कधी लागू होते ही. चेक दिला, दस्तावर सह्या झाल्या, चेक परत आला. दस्तात ‘या क्षणापासून सर्व दावे सोडले’ असेल, तर डिपॉझिटही गेलं आणि ते मागण्याचा हक्कही वादात सापडला. म्हणून भाडेकरूने सोडलेले दावे २,०८,६०० रुपये प्रत्यक्ष खात्यात जमा होण्याशी जोडावेत, आणि मालकाने सोडलेले रिकामा ताबा मिळण्याशी. त्याहून सरळ म्हणजे सहीच्या दिवशी आरटीजीएस करावं आणि त्याचा यूटीआर क्रमांक दस्तात लिहावा. मग ‘जमा झाल्यावर’ची अट लागतच नाही.

आता दावे सोडताना ज्या गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवायच्या त्या. दोन पक्षांनी एकमेकांना मोकळं केलं म्हणून तिसरा माणूस बांधला जात नाही. क्लासच्या बाथरूममधून गळती होऊन खालच्या दुकानातला माल भिजला असेल, तर तो दुकानदार उद्या मालकीणबाईंकडेच येणार. म्हणून ताब्याच्या काळात भाडेकरूच्या वापरामुळे तिसऱ्या पक्षाने केलेल्या मागणीची भरपाई भाडेकरू करतील, असं स्वतंत्र कलम ठेवतात. भाडेकरूने ते ‘३१ जुलैपर्यंतच्या’ काळापुरतं मर्यादित करून घ्यावं. कराचंही तसंच. भाडेकरूने भाड्यावर टीडीएस कापला असेल, तर तो भरण्याची आणि प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी दस्तानंतरही चालू राहते असं लिहावं. नाहीतर मालकाच्या खात्यात तो कर दिसत नाही आणि ‘सर्व दावे सोडले’ या वाक्याने त्याचीच वाट अडते. भाडेपट्ट्यात मालमत्ता कर भाडेकरूवर टाकला असेल, तर महापालिकेचं बिल कोणत्या तारखेपर्यंत कोणाचं हेही इथेच ठरवावं. मागच्या काळाचं वाढीव बिल नंतर आलं तर ते कोणाचं, याला एक वेगळी ओळ द्यावी.

झेरॉक्सवाला हा या उदाहरणातला खरा काटा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ११५ सांगतं की मूळ भाडेपट्ट्यासारख्याच अटींवर आधी दिलेल्या पोटभाडेपट्ट्याला सरेंडरने बाधा येत नाही. मुख्य भाडेकरू गेला तरी पोटभाडेकरू राहतो, आणि नवा भाडेपट्टा मिळवण्यासाठी सरेंडर केलेलं नसेल तर त्याचं भाडं थेट मालकाला मिळू लागतं. मालकीणबाईंना तर रिकामी जागा हवी आहे. क्लासचा ताबा आला, पण कोपऱ्यात झेरॉक्स मशीन चालूच! मालकीणबाईंनी परवानगी दिली होती की नाही, यावर पोटभाडेकरूचं संरक्षण ठरेल आणि तो वाद वर्षानुवर्षं चालेल. इथे लेखी आश्वासनावर भागवू नये. झेरॉक्सवाल्याला याच दस्तात संमती देणारा पक्ष म्हणून घ्यावं, त्याचाही ताबा त्याच दिवशी घ्यावा, त्याचं डिपॉझिट क्लासने परत दिलं हे त्याच्याच तोंडून लिहून घ्यावं. पोटभाडेकरू नसेल तर भाडेकरूने तसं स्पष्ट निवेदन करावं: ‘सदर जागेत कोणाही तिऱ्हाईताचा कोणत्याही स्वरूपाचा ताबा वा हक्क निर्माण केलेला नाही.’

जामीनदारालाही विसरू नये. भागीदाराच्या वडिलांनी भाडेपट्ट्यासाठी वैयक्तिक हमी दिली असेल, तर ती संपल्याचं त्यांचं नाव घालून लिहावं आणि हमीपत्राची मूळ प्रत परत घ्यावी.

ताब्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. भाडेकरूने बसवलेल्या वस्तू, म्हणजे एसी, पार्टिशन, फळे, काढून नेण्याचा हक्क त्याच अधिनियमाचं कलम १०८ देतं, पण ताबा त्याच्याकडे असेपर्यंतच, आणि जागा होती तशी करून देऊन. किल्ल्या दिल्यावर ‘आमचा एसी राहिला’ म्हणत आलं तर मालक दार उघडायला बांधील नाही. त्यामुळे काय नेलं, काय ठेवलं आणि ठेवलेलं आता मालकाचं झालं, याची यादी दस्ताला जोडावी. सोबत मीटर रीडिंग, किल्ल्यांची संख्या आणि तारीख टाकलेले फोटो. झीज आणि नुकसान यांतला फरक फोटोवरच कळतो. नेहमीच्या वापराने रंग उडाला तर ती कायद्यातही झीजच धरली जाते, फुटलेली फरशी मात्र नाही.

शेवटी नोंदणी. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार स्थावर मालमत्तेतला १०० रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याचा हक्क संपवणारा दस्त नोंदवावा लागतो. नऊ वर्षांच्या भाडेपट्ट्यातली उरलेली तीन वर्षं त्यात येतातच. नोटरीकडून शिक्का मारून आणलेला सरेंडर डीड हक्क संपल्याचा पुरावा म्हणून कोर्टात चालणं कठीण, कारण कलम ४९ आडवं येतं. ताबा देऊन तोंडी सरेंडरही कायद्याला मान्य आहे, पण मग ते सिद्ध करण्याचा भार घ्यावा लागतो. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकांकडे सादर करायचा असतो.

नोंदणी टाळण्याचा फटका मालकाला बसतो तो वेगळ्याच ठिकाणी. मूळ भाडेपट्टा नोंदवलेला असल्यामुळे तो इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सरकारी सूचीत, दिसत राहतो. मालकीणबाई पुढच्या वर्षी जागा विकायला निघाल्या की घेणाऱ्याचा वकील सर्च काढतो आणि विचारतो, ‘हा नऊ वर्षांचा भाडेपट्टा चालू आहे ना?’ तोवर क्लासचा एक भागीदार बंगळुरूला गेलेला असतो आणि दुसऱ्याचं त्याच्याशी बोलणं बंद असतं.

मुद्रांक शुल्काचं गणित, सरेंडरसाठी कोणी कोणाला मोबदला दिला का, यावर फिरतं. म्हणून डिपॉझिटचा परतावा हा भाडेकरूच्याच पैशांचा परतावा आहे, सरेंडरचा मोबदला नाही, हे दस्तात स्वच्छ लिहावं. लवकर जागा सोडण्यासाठी मालकाने भाडेकरूला वर पैसे दिले असतील तर ते लपवू नयेत. शुल्काबद्दल शंका असेल तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३१ खाली मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून आधीच अभिनिर्णय, म्हणजे शुल्क किती लागेल याचा निर्णय, करून घेता येतो.

दोघांत आधीच दावा चालू असेल तर नुसत्या सरेंडर डीडने तो बंद होत नाही. कोर्टात तडजोडीच्या अटी दाखल करून निकाली काढून घ्यावा लागतो, आणि तो कोणी, किती दिवसांत दाखल करायचा हे डीडमध्ये लिहावं लागतं. दस्त नोंदल्यावर भाडेकरूकडे दोन कामं उरतात: जीएसटी नोंदणीतून आणि गुमास्ता परवान्यातून हा पत्ता काढणं. त्याच पत्त्यावर नव्या भाडेकरूला नोंदणी घ्यायची असते, म्हणून त्यासाठीही पंधरा दिवसांची वगैरे तारीख दस्तातच घालून घ्यावी.